केसपेपरवरचा 'व्यसन : नाही' हा शिक्का बंद करा – नाशिकच्या महिला आरोग्य शिबिरांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरात आणि जिल्ह्यात महिला आरोग्य शिबिरं भरवणारी मंडळं, बचत गट, कंपन्यांचे कामगार कल्याण विभाग, लॅबचालक आणि त्या शिबिरांत टेबलामागे बसणारे आमच्याच पेशातले डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

नवरात्र जवळ आलं की सातपूर-अंबडपासून नाशिकरोडपर्यंत मंडपांशेजारी शिबिरांचे फ्लेक्स लागतात. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड ही नेहमीची यादी. आता त्या यादीत एएमएच ही अंडाशयातल्या एका संप्रेरकाची रक्ततपासणीही शिरली आहे आणि ती विकली जाते 'तुमच्या अंडाशयाचं वय ओळखा' अशा भाषेत. त्याच शिबिरातल्या केसपेपरवर खाली कोपऱ्यात 'व्यसन : आहे / नाही' असा रकाना असतो. टेबलावरची स्वयंसेविका मान वर न करता वरपासून खालपर्यंत 'नाही'वर टिक करत जाते. काही ठिकाणी तर 'नाही' आधीच छापलेलं असतं.

आमची तक्रार या दोन गोष्टींच्या जोडीबद्दल आहे. ज्या तपासणीतून पाळी कधी जाणार ते कळत नाही, तिचे पैसे घेतले जातात. पाळी लवकर जाण्याचं जे कारण आपल्या हातात आहे, ते फुकट विचारता येत असूनही विचारलं जात नाही. आम्ही काहीजणी स्त्रीरोग आणि तंबाखूमुक्ती समुपदेशन या दोन बाजूंनी हेच काम करतो. हे केसपेपर शेवटी आमच्यासमोर येतात आणि त्यांच्यावर आमच्या सह्या होतात, म्हणून गप्प बसणं बरोबर वाटत नाही.

आधी मूळ मुद्दा. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साधारण १० ते २० लाख बीजपुटकं, म्हणजे एकेक बीज जपणाऱ्या बारीक पिशव्या, असतात. पाळी सुरू होते तोवर ती ३ ते ४ लाखांवर आलेली असतात. त्यातली प्रत्यक्षात बीज म्हणून बाहेर पडतात ती आयुष्यभरात जेमतेम चार-पाचशे. बाकीची आपोआप जिरून जातात. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी थांबते. ही कणगी एकदाच भरलेली असते, तिच्यात नवं धान्य पडत नाही. रोजचा खर्च ठरलेला आहे, तो कोणालाच चुकत नाही. धूर म्हणजे या कणगीत शिरलेले सोंडे. खर्च होतो त्याच्या वर ते आणखी खातात, आणि बाहेरून कणगी तशीच दिसते.

हे कसं घडतं? सिगारेट असो की विडी, पान अर्धवट जळताना त्यातून बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन नावाचा रसायनांचा गट तयार होतो. नावातल्या 'सुगंधी'ला फसू नका, डांबरातही हाच गट असतो. ही रसायनं फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून अंडाशयात जातात. तिथल्या बीजपेशीत त्यांना पकडणारं एक ग्राही प्रथिन असतं. ते जागं झालं की पेशीला स्वतःला संपवण्याचा हुकूम देणारा बॅक्स नावाचा जनुक चालू होतो. २००१ साली हे उंदरांमध्ये दाखवलं गेलं, आणि उंदरांत रोपण केलेल्या मानवी अंडाशयाच्या तुकड्यांतही तेच दिसलं. धुराचा मारा पाळीचं चक्र चालवणाऱ्या वाढत्या पुटकांपुरता थांबत नाही. झोपेत असलेल्या मूळ साठ्यालाही तो लागतो. म्हणून आज पाळी नियमित आहे याचा अर्थ साठा शाबूत आहे असा होत नाही. याशिवाय धूम्रपानाने शरीरातलं इस्ट्रोजेन लवकर मोडून बाहेर टाकलं जातं, त्यामुळे गरम वाफा आणि घामाचा त्रास ओढणाऱ्या बायकांना जास्त होतो.

आता किती फरक पडतो ते. सरासरी बघितली तर ओढणाऱ्या बाईची पाळी न ओढणारीपेक्षा एक ते दोन वर्षं आधी जाते. 'दोनच वर्षं ना!' असं ऐकायला मिळतं, आणि सरासरी ऐकून तसं वाटणं साहजिकच आहे. पण सरासरीत टोकं बुडून जातात. २०१८ साली १७ अभ्यासांतल्या दोन लाखांहून अधिक बायकांची माहिती एकत्र तपासली गेली. तिच्यात चालू धूम्रपान करणाऱ्यांमध्ये चाळिशीच्या आत पाळी जाण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. त्यात आणखी एक गोष्ट दिसली, जी फ्लेक्सवर छापायच्या लायकीची आहे: पाळी जाण्याच्या दहा वर्षांहून अधिक काळ आधी ज्यांनी सोडलं होतं, त्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास होता. भारतीय बायकांची पाळी मुळात पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी, साधारण ४६-४७च्या सुमारास जाते. त्यातून दहा वजा करा. म्हणजे सोडायला सांगण्याची वेळ पस्तिशीच्या आत आहे. शिबिरात रजोनिवृत्तीचं भाषण मात्र पंचेचाळिशीपुढच्या रांगेला दिलं जातं.

पहिली तक्रार प्रश्नाच्या शब्दांबद्दल. 'व्यसन आहे का?' हा प्रश्न रांगेत, सासू मागे उभी असताना विचारला तर उत्तर एकच येणार. शिवाय मशेरी लावणाऱ्या बाईच्या लेखी मशेरी हे व्यसन नसतंच, ते दात घासणं असतं. मित्रमंडळींबरोबर शनिवारी दोन सिगारेटी ओढणारीलाही ते व्यसन वाटत नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या २ टक्के बायका धूम्रपान करणाऱ्या आणि १२.८ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. तुमच्या केसपेपरांच्या गठ्ठ्यात हे प्रमाण शून्य निघत असेल, तर नाशिकच्या बायका वेगळ्या नाहीत, रकाना खोटा आहे.

इथे एक सावधगिरीही हवी. वर दिलेले आकडे धुराचे आहेत. मशेरी भाजलेल्या तंबाखूची असते, त्यामुळे जळण्यातून होणारी रसायनं तिच्यातही येतात; तोंडाचा कर्करोग आणि गरोदरपणातलं नुकसान यासाठी ती सोडायलाच हवी. पण पाळी लवकर जाण्याचे सिगारेटचे आकडे उचलून मशेरीला चिकटवू नका. तेवढा पक्का पुरावा तिच्याबद्दल नाही, आणि एक गोष्ट फुगवून सांगितली की बायका बाकीच्या चारही सोडून देतात.

दुसरी तक्रार दुसऱ्याच्या धुराबद्दल. स्वतः कधीच न ओढलेल्या, पण लहानपणी घरात, लग्नानंतर नवऱ्याच्या आणि पुढे कामाच्या जागी इतरांच्या धुरात अनेक वर्षं काढलेल्या बायकांचा अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हिशेब झाला. त्यांच्यातल्या सर्वाधिक धूर सोसलेल्या गटाची पाळी सरासरी वर्षभर आधी गेली होती. आपल्याकडे हाच गट सर्वांत मोठा आहे. वन रूम किचनमध्ये नवरा खिडकीत उभा राहून ओढतो म्हणजे धूर बाहेर जातो, हा त्याचा समज. पडदा, गादी, उशी हुंगून बघा. तुमच्या केसपेपरावर याला जागाच नाही. वास्तविक तिला एकटीला विचारून झाल्यावर याच प्रश्नासाठी नवऱ्यालाही आत बोलवायला हवं.

तिसरी तक्रार एएमएचची, आणि ती सविस्तर मांडावी लागेल, कारण इथे डॉक्टर मंडळींचीही गफलत होते. एएमएच हे वाढीला लागलेल्या लहान पुटकांतून पाझरणारं संप्रेरक. साठा मोठा असेल तर वाढीला लागणारी पुटकं जास्त, म्हणून आकडा जास्त. हा अप्रत्यक्ष अंदाज झाला. टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारात इंजेक्शनांचा डोस ठरवायला तो फार उपयोगी पडतो. पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे तो सांगत नाही. २०१७ साली तिशी ते चव्वेचाळिशीतल्या बायकांच्या अभ्यासात एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहण्यात इतरांपेक्षा कमी यश आलेलं दिसलं नाही. आणि एका बाईची पाळी नेमकी कोणत्या वर्षी जाईल, हेही त्यातून कळत नाही. आकडा चांगला आला की ओढणारी बाई निर्धास्त होते, ही याची सर्वांत वाईट बाजू. धुराने एएमएचमध्ये पडणारा फरक एका रिपोर्टवर ओळखू येईल एवढा मोठा नसतो. म्हणजे आतले सोंडे रिपोर्टवर दिसत नाहीत.

एक उदाहरण घेऊन शिबिरात काय चुकतं ते दाखवतो. हे कल्पित आहे, पण यातला प्रत्येक तुकडा रोजचा आहे.

समजा, अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारी ३७ वर्षांची बाई. बाविसाव्या वर्षापासून रोज ६ सिगारेटी. एक मूल आहे, दुसऱ्याचा विचार 'बघू दोन-तीन वर्षांनी'. शिबिरात तिने एएमएच केली, १.१ आली. रिपोर्टवर लाल अक्षरात 'कमी'. केसपेपरावर व्यसन : नाही. पाच महिन्यांपासून ती माला-एनच्या गोळ्या घेते, त्याही तिला याच शिबिरात पुढच्या चार महिन्यांच्या मिळाल्या.

आता हा पेपर नीट वाचू. रोज ६ म्हणजे २०च्या पाकिटाचे तीन दशांश. गुणिले १५ वर्षं, झाली साडेचार पाकीट-वर्षं. हा हिशेब दोन मिनिटांचा आहे आणि तो पेपरवर लिहिला पाहिजे, कारण किती ओढलं आणि किती वर्षं यावर नुकसान वाढत जातं. मग एकक बघायचं. १.१ हा आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहे. काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, तिथे हाच आकडा ७.९ दिसतो, कारण गुणक ७.१४ आहे. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'वाढलं की!' म्हणणारे आमच्या पेशातही आहेत.

तिसरं, गोळ्या. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असताना वाढती पुटकं दबलेली असतात, त्यामुळे एएमएच खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. तेव्हा त्या लाल 'कमी'वर आज निकाल देता येत नाही. गोळ्या थांबवून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघावं. आकड्याची शहानिशा करायचीच असेल तर पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात योनीमार्गे सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतली २ ते १० मिलिमीटरची पुटकं मोजता येतात.

आणि चौथं, ज्याने आम्हाला हे पत्र लिहायला बसवलं. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आहे. पस्तिशी ओलांडलेल्या आणि ओढणाऱ्या बाईला इस्ट्रोजेनची गोळी सहसा देत नाहीत. रोज १५ किंवा त्याहून अधिक ओढत असेल तर मुळीच नाही. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका त्या जोडीने वाढतो. म्हणजे ज्या टेबलावर 'नाही'वर टिक झाली, त्याच टेबलावरून ही गोळी दिली गेली. इथे चुकीची टिक नुसती आकडेवारी बिघडवत नाही. हिच्यासाठी तांबी हा सरळ पर्याय होता.

याच गोळीने आणखी एक गोष्ट झाकली. गोळ्यांवर दर महिन्याला येणारा रक्तस्राव ही बाईची स्वतःची पाळी नसते, गोळी थांबल्याने येणारा तो स्राव असतो. साठा उतरू लागल्याची पहिली खूण पाळी चुकणं ही नसते. चक्र आखूड होतं. तिला नीट विचारलं तर कळतं, की गोळ्या सुरू करण्याआधीच्या वर्षात तिची पाळी ३० दिवसांवरून २५-२६वर आली होती. 'पाळी वेळेवर आहे, उलट चार दिवस आधीच येते,' असं ती समाधानाने सांगते, आणि ऐकणाराही मान डोलावतो. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा मागा. कालनिर्णयवर खुणा केलेल्या असतात बहुतेकींनी.

तिला सांगायचं काय? एक, आज तुमची पाळी जायला लागलेली नाही आणि या आकड्यावरून दिवस राहणार नाहीत असंही ठरत नाही. दोन, दुसरं मूल हवं असेल तर 'दोन-तीन वर्षांनी' म्हणू नका. तीन, सिगारेट आज सोडा. जी बीजं गेली ती परत येत नाहीत, पण धुराने होणारी पुढची गळती थांबते, आणि धूम्रपानामुळे दिवस राहण्यात येणारा बराचसा अडथळा सोडल्यापासून वर्षभरात ओसरतो. चार, गोळ्या थांबवल्यावर पाळी चार महिने आली नाही, किंवा फार लांबत गेली, तर 'वयाने असेल' म्हणून घरी बसू नका. आधी गरोदरपणाची चाचणी. ती नकारात्मक असेल तर एफएसएच, इस्ट्रॅडिऑल, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या. चाळिशीच्या आत एफएसएच २५च्या वर आलं तर अंडाशय अकाली थकल्याचं निदान होतं. शंका असेल तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. अशा बाईला काही अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावे लागतात, नाहीतर हाडं पोखरतात आणि हृदयाचा धोका वाढतो. 'लवकर सुटलीस' हे वाक्य तिच्यासमोर कोणी म्हणू नये.

चौथी तक्रार छोटी आहे. 'सिगारेट सोडा' एवढं सांगून पुढचा नंबर पुकारला जातो. सोडायचं कसं ते सांगायला पाच मिनिटं लागतात. सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती वेळाने, हे विचारा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर गुंतवण घट्ट आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध लागू शकतं. अर्ध्या तासानंतर असेल तर २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम पुरतं, ते औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. पण बहुतेकजणी ते च्युइंगगमसारखं चावत सुटतात, मग उचक्या लागतात, पोटात ढवळतं आणि दुसऱ्या दिवशी पाकीट कपाटात जातं. हळू चावायचं, जिभेला चुरचुर लागली की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा दोनदा चावायचं. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नाही, कारण त्यातल्या आम्लाने निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे सिगारेट चहाबरोबरच असते, म्हणून हे वाक्य दोनदा सांगावं लागतं. गरोदर असेल किंवा दिवस राहिल्याची शक्यता असेल, तर गमही डॉक्टरांना विचारूनच. फोनवर मोफत समुपदेशन १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मिळतं. हा नंबर तुमच्या फ्लेक्सवर प्रायोजकांच्या फोटोंच्या रांगेत सहज मावेल.

आमच्या मागण्या या.

१. केसपेपरावरून 'व्यसन' हा शब्द काढा. त्याऐवजी चार प्रश्न छापा: आजवर कधी विडी, सिगारेट किंवा हुक्का ओढला आहे का, रोज किती, किती वर्षं, शेवटचा कधी? मशेरी, तपकीर, तंबाखू, गुटखा यांतलं काही वापरता का? घरात किंवा कामावर तुमच्यासमोर कोणी ओढतं का, किती वर्षं? आईची आणि मोठ्या बहिणीची पाळी कितव्या वर्षी गेली? शेवटचा प्रश्न तंबाखूचा नाही, पण पाळी लवकर जाण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि आई पंचेचाळिशीच्या आत थांबलेली असेल तर मुलीला धुराची चैन आणखी परवडत नाही.

२. हे प्रश्न रांगेत विचारू नका. पडद्यामागे, वजन-उंची घेताना, एकटीला विचारा. विचारणारी बाईच असावी.

३. एएमएच शिबिराच्या पॅकेजमधून काढा. ज्यांना वंध्यत्वाचे उपचार घ्यायचेत किंवा कर्करोगाच्या उपचाराआधी बीजं गोठवायचीत, त्यांनी ती त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून करावी. 'अंडाशयाचं वय' हे शब्द जाहिरातीत नकोत.

४. गोळ्यांचं वाटप तंबाखूचं उत्तर आणि रक्तदाब हे दोन्ही लिहिल्याशिवाय करू नये.

५. रजोनिवृत्तीचं व्याख्यान पंचविशी ते पस्तिशीतल्या मुलींसाठी वेगळं ठेवा, आणि ते कंपनीच्या शिफ्ट सुटायच्या वेळी ठेवा, दुपारी तीनला नको.

चार प्रश्नांचा नमुना केसपेपर आम्ही एका पानात तयार केला आहे. मागाल त्या आयोजकाला छपाईला देण्याजोगा मोफत देऊ, आणि टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेविकांना तासाभरात शिकवायलाही येऊ. घटस्थापनेआधी छापखान्यात जायची घाई असते हे माहीत आहे, म्हणून पत्र आत्ता लिहिलं.

आपल्या,
नाशिकमधल्या काही स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तंबाखूमुक्ती समुपदेशक